सायबर तक्रारीची पोचपावती कशी वाचायची, आणि ‘Under Process’ म्हणजे नक्की काय

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन लागला, मोबाइलवर तक्रारीचा एक लांबलचक क्रमांक आला, की बहुतेकांना वाटतं गुन्हा दाखल झाला आणि आता पोलीस बघतील. मग दोन-तीन आठवडे रोज साइट उघडून तेच दोन शब्द वाचायचे: Under Process. त्या काळात जे करायला हवं होतं ते राहून जातं. कधी एखादा व्यवहार तक्रारीत आलेलाच नसतो, कधी जिल्हा चुकलेला असतो, तर कधी बँकेत लेखी तक्रारच दिलेली नसते.

हा लेख पैसे गेलेल्या तक्रारींपुरता आहे, म्हणजे यूपीआय, नेट बँकिंग, कार्ड किंवा खोट्या गुंतवणूक ॲपमधून झालेली फसवणूक. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की समजून घ्या. तक्रार नोंदवली की दोन वेगवेगळी कामं सुरू होतात. एक काम कागदाचं: तक्रार तुमच्या पोलीस ठाण्याकडे जाते आणि तिथे तिचं काय करायचं ते ठरतं. दुसरं काम पैशाचं: बँका एकमेकींच्या मागे माग काढत सापडेल ती रक्कम अडवतात. स्टेटसमध्ये दिसणारा शब्द बहुतेक वेळा फक्त कागदाबद्दल बोलतो. पैशाचं काय झालं ते वेगळं विचारावं लागतं.

## आधी हे हाताशी ठेवा

पोचपावती वाचायला बसण्याआधी ज्या खात्यातून पैसे गेले त्याचं त्या दिवसाचं स्टेटमेंट काढा. ॲपमधला स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण ॲप स्वतःचाही एक क्रमांक दाखवतं आणि लोक नेमका तोच तक्रारीत लिहितात. बँकांना हवा असतो तो यूटीआर, म्हणजे बँकांच्या यंत्रणेतला त्या व्यवहाराचा क्रमांक. यूपीआय आणि आयएमपीएससाठी तो 12 अंकी असतो, त्यात अक्षरं नसतात. फोनपेमध्ये T ने सुरू होणारा ट्रान्झॅक्शन आयडी वेगळा आणि त्याच्याच आसपास लिहिलेला UTR वेगळा. गुगल पेमध्ये अक्षरं असलेला Google transaction ID सोडून द्या, UPI transaction ID घ्या. एनईएफटीचा यूटीआर 16 आणि आरटीजीएसचा 22 अक्षरांचा असतो, त्यात अक्षरं-अंक दोन्ही येतात.

तक्रारीत दिलेलं सिमकार्ड चालू ठेवा. स्टेटस पाहताना ओटीपी त्याच नंबरवर येतो. फसवणुकीनंतर घाबरून नंबर बंद करणारे पुष्कळ आहेत, आणि मग ना ओटीपी मिळतो, ना पोलिसांचा फोन.

## टप्पा 1: क्रमांक कुठून आला ते ओळखा

क्रमांक मिळण्याचे दोन मार्ग आहेत, आणि दोन्हींचा अर्थ सारखा नाही.

तुम्ही स्वतः `cybercrime.gov.in` या सरकारी तक्रार पोर्टलवर पूर्ण फॉर्म भरून सबमिट केला असेल, तर मिळालेला क्रमांक पूर्ण तक्रारीचा आहे. तक्रारीची पीडीएफ लगेच उतरवून घ्या.

1930 वर फोन केला असेल, तर समोरच्या कर्मचाऱ्याने तुमच्याकडून थोडक्यात माहिती घेऊन व्यवहार यंत्रणेत टाकलेले असतात. बँकांना इशारा जावा म्हणून हे घाईनं केलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण तक्रार तेवढ्यानं पूर्ण होत नाही. एसएमएसमध्ये आलेल्या क्रमांकाच्या आधारे पोर्टलवर जाऊन 24 तासांच्या आत ती तुम्ही स्वतः पूर्ण करायची असते: घटनेचं वर्णन, पुरावे, ओळखपत्र. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याच पायरीवर होतं, कारण फोनवर ‘तुमची तक्रार नोंदवली आहे’ असं ऐकल्यावर पुन्हा पोर्टल उघडायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

सावधान: 1930 चा क्रमांक आलेला असताना पोर्टलवर नवी, वेगळी तक्रार करू नका. आलेलीच पूर्ण करा. एकाच घटनेचे दोन क्रमांक झाले की एक ‘डुप्लिकेट’ म्हणून बंद होतो, आणि कधी कधी बंद होतो तो नेमका ज्याच्यावर बँकांनी काम केलेलं असतं.

## टप्पा 2: पोचपावतीतल्या चार जागा तपासा

पीडीएफमध्ये बरंच काही छापलेलं असतं. त्यातल्या चारच जागा नीट तपासायच्या.

पहिली, जिल्हा आणि पोलीस ठाणं. पोर्टल स्वतः तपास करत नाही. पोलीस हा राज्यांचा विषय असल्यामुळे तक्रार तुम्ही निवडलेल्या राज्यातल्या, जिल्ह्यातल्या पोलिसांकडे पाठवली जाते. नोकरी पुण्यात, आधारवरचा पत्ता लातूरचा, आणि फॉर्म भरताना लातूर निवडलं, तर तक्रार लातूरला पोहोचते आणि तुम्ही पुण्यात सायबर ठाण्याच्या बाकावर बसून राहता. तिथे तुमचा क्रमांक त्यांच्या यादीत दिसत नाही. तक्रार दुसरीकडे वळवता येते, पण त्यात दिवस जातात.

दुसरी, प्रकार आणि उपप्रकार. पैसे गेलेले असताना उपप्रकार सोशल मीडियाचा निवडला गेला, तर तक्रार आर्थिक फसवणुकीच्या वाटेनं जातच नाही आणि बँकांपर्यंत काही पोहोचत नाही. ‘फेसबुकवर ओळख झाली आणि मग पैसे गेले’ अशा प्रकरणांत हे फार होतं.

तिसरी, व्यवहारांचा तक्ता. प्रत्येक रक्कम, तारीख, वेळ आणि यूटीआर तुमच्या स्टेटमेंटशी एकेक ओळ लावून बघा. बेरीजही करा.

चौथी, तुमचा मोबाइल नंबर आणि ईमेल.

तपासणी: तक्त्यातल्या ओळी आणि स्टेटमेंटमधले फसवणुकीचे व्यवहार यांची संख्या सारखी आहे का? नसेल तर आजच पोलीस ठाण्यात तोच क्रमांक देऊन राहिलेला व्यवहार जोडायला सांगा. नुसतं तोंडी सांगू नका. अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

## टप्पा 3: पोचपावती म्हणजे काय नाही, ते लक्षात घ्या

ही पोचपावती एफआयआर नाही. तिच्यावर गुन्हा रजिस्टर नंबर नसतो, कलमं नसतात, अधिकाऱ्याची सही नसते. विमा कंपनी साधारणपणे एफआयआरच मागते. अडवलेले पैसे परत मागताना वकीलही आधी गुन्ह्याची किंवा ठाण्यातल्या नोंदीची प्रत विचारतो.

ही बँकेकडची तक्रारही नाही. पोर्टलवरून बँकेला इशारा जातो तो रक्कम अडवण्यासाठी. तुमच्या आणि बँकेच्या नात्यात जबाबदारी कुणाची, हे त्यातून ठरत नाही. ते ठरतं तुम्ही बँकेला कधी कळवलं यावर. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची, दोष यंत्रणेत इतरत्र असेल आणि ग्राहकानं व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भार येत नाही. ओटीपी स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. म्हणून शाखेत किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवर लेखी तक्रार द्या, त्यात पोर्टलचा क्रमांक लिहा आणि बँकेचा स्वतंत्र तक्रार क्रमांक मागून घ्या.

## टप्पा 4: स्टेटस कसं बघायचं

`cybercrime.gov.in` वर Track your Complaint इथे जाऊन पोचपावतीचा क्रमांक टाका, मोबाइलवर आलेला ओटीपी द्या. पत्ता स्वतः टाइप करा. सर्च केल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींवर किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर जाऊ नका.

महिला आणि बालकांविषयीच्या गुन्ह्यांत नाव न देता केलेल्या तक्रारीचं स्टेटस पाहता येत नाही. पैशाच्या तक्रारीत नाव-पत्ता असतोच, त्यामुळे ही अडचण येत नाही.

प्रत्येक वेळी पडद्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. पुढे वरिष्ठांकडे अर्ज करायची वेळ आली, तर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काहीच हललं नाही’ हे दाखवायला दुसरा कागद तुमच्याकडे नसतो.

## टप्पा 5: शब्दांचे अर्थ लावा

शब्दांची मांडणी थोडीफार बदलते, पण साधारण पुढचेच शब्द दिसतात.

Complaint Accepted याचा अर्थ तक्रार स्वीकारली गेली, म्हणजे ती संबंधित पोलिसांच्या खात्यात दिसू लागली. ती खरी आहे असं कुणी ठरवलेलं नाही आणि तपासही सुरू झालेला नाही. हा शब्द दिसला की कोणत्या ठाण्याकडे गेली ते विचारा आणि कागदपत्रं घेऊन स्वतः जा. बोलावण्याची वाट पाहू नका.

Under Process हा शब्द लोकांना सगळ्यात जास्त फसवतो. कुणीतरी आपल्या फायलीवर काम करत आहे असं त्यातून वाटतं. प्रत्यक्षात तक्रार बंद झालेली नाही आणि गुन्हाही दाखल झालेला नाही, या दोन्हींच्या मधली सगळी जागा या एका शब्दात येते. अधिकाऱ्यानं बँकेला पत्र पाठवलं असेल तरी Under Process, आणि फाइल उघडलीच नसेल तरी Under Process. त्यामुळे या शब्दावरून काहीही अंदाज बांधू नका. ठाण्यात जाऊन तीन प्रश्न विचारा: माझी तक्रार कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे? किती रक्कम होल्ड झाली आणि कोणत्या बँकेत? गुन्हा दाखल होणार आहे की चौकशीवरच ठेवलं आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘बघतो’ असं आलं, तर फाइल अजून कुणाच्या नावावर पडलेली नाही असं समजा.

FIR Registered म्हणजे गुन्हा दाखल झाला. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, तो तुमचा हक्क आहे. प्रतीवरचा गुन्हा क्रमांक, वर्ष, पोलीस ठाणं आणि रक्कम तपासा. तक्रारीत एक रक्कम आणि एफआयआरमध्ये कमी, असं असेल तर पुरवणी जबाब द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 प्रमाणे तपासाची प्रगती 90 दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायची असते. गुन्हा दाखल झाल्यावर पोर्टलवरून तक्रार मागे घेता येत नाही.

NC असं दिसलं तर अदखलपात्र नोंद झाली आहे. पैसे घेऊन फसवणूक केल्याचं प्रकरण साधारणपणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) मध्ये बसतं, आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. त्यामुळे पैसे गेलेले असताना एनसी झाली असेल तर कारण विचारलंच पाहिजे.

Rejected आणि Closed यांत फरक आहे. पहिल्यात तक्रार घेतलीच गेली नाही: माहिती अपुरी, प्रकार चुकीचा, किंवा ती सायबर गुन्ह्यात बसत नाही असं मत. दुसऱ्यात ती घेतली गेली होती, नंतर बंद झाली. बंद होण्याची कारणं बहुधा साधी असतात. तक्रारदार फोन उचलत नाही, तीच तक्रार दुसऱ्या क्रमांकानं आहे, व्यवहार दिवाणी स्वरूपाचा वाटला. कारण लेखी मागा. ‘तक्रारदाराशी संपर्क झाला नाही’ असं कारण असेल, तर तुमचा नंबर चालू असल्याचं लिहून पुन्हा उघडण्याचा अर्ज द्या. नवी तक्रार करू नका.

Withdrawal म्हणजे तक्रारदारानं तक्रार मागे घेतली. फसवणूक करणारेच कधी कधी फोन करून ‘तक्रार मागे घ्या, पैसे परत करतो’ असं सांगतात. पैसे खात्यात दिसल्याशिवाय आणि ठाण्यातल्या अधिकाऱ्याशी बोलल्याशिवाय यावर काहीही करू नका.

## टप्पा 6: पैशाचा माग समजून घ्या

हे एका उदाहरणानं पाहू. समजा, सांगलीतल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या खात्यातून वीजबिलाच्या खोट्या मेसेजमुळे तीन व्यवहारांत 1,20,000 रुपये गेले: 50,000, 50,000 आणि 20,000. दोन तासांनी त्यांनी 1930 वर फोन केला. घाबरलेल्या अवस्थेत त्यांना पहिले दोनच व्यवहार आठवले. यंत्रणेत गेले 1,00,000.

हे एक लाख ज्या खात्यात गेले त्याला पोलीस आणि बँका ‘लेअर 1’ म्हणतात. त्या बँकेनं पाहिलं तेव्हा तिथे 30,000 शिल्लक होते, ते होल्ड झाले. उरलेले 70,000 तोपर्यंत दोन खात्यांत गेले होते, हे झालं लेअर 2. एका खात्यात 40,000 गेले होते, त्यातले 20,000 एटीएममधून निघाले आणि 20,000 होल्ड झाले. दुसऱ्यात गेलेले 30,000 पुढच्या खात्यात, म्हणजे लेअर 3 ला गेले आणि तिथून काढून घेतले गेले.

आता शिक्षिकाबाईंच्या पोर्टलवर दिसतं Under Process. ठाण्यात विचारल्यावर कळतं, 50,000 होल्ड आहेत. त्यांना वाटतं 1,20,000 पैकी 50,000 वाचले. खरं तर 1,00,000 पैकी 50,000 वाचले, आणि तिसऱ्या व्यवहाराचे 20,000 कुणी शोधलेच नाहीत. त्यांनी 24 तासांच्या आत पोर्टलवर तक्ता पाहिला असता तर तिसरी ओळ नाही हे त्याच दिवशी लक्षात आलं असतं.

होल्ड झाले म्हणजे पैसे तुमचे झाले असंही नाही. पैसे अजून त्या दुसऱ्याच्या खात्यातच आहेत, फक्त त्याला काढता येत नाहीत. शिवाय असं एकच खातं अनेकांना फसवण्यासाठी वापरलेलं असतं. त्याच 30,000 वर नाशिकच्या आणि इंदूरच्या तक्रारदाराचाही दावा असू शकतो. म्हणून ठाण्यात ‘किती होल्ड आहे’ एवढंच विचारून थांबू नका, ‘माझ्या क्रमांकावर किती होल्ड आहे आणि त्याच खात्यावर आणखी तक्रारी आहेत का’ असं विचारा.

तपासणी: तुमच्या वहीत आता प्रत्येक होल्डसाठी चार गोष्टी असायला हव्यात: बँकेचं नाव, खात्याचे शेवटचे चार अंक, रक्कम आणि होल्डची तारीख. यातली एखादी जरी नसली तरी पुढचा अर्ज अडकतो.

## टप्पा 7: होल्ड झालेली रक्कम परत मागणं

स्टेटस काहीही असो, ही पायरी आपोआप होत नाही. नेहमीचा मार्ग न्यायालयाचा आहे. ज्या पोलीस ठाण्याकडे तक्रार आहे, त्या हद्दीतल्या दंडाधिकाऱ्यांसमोर रक्कम परत मिळण्याचा अर्ज करायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत यासाठी मुख्यतः कलम 503 वापरलं जातं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते 457 होतं. अर्जासोबत पोचपावती, एफआयआर असेल तर त्याची प्रत, स्टेटमेंट, ओळखपत्र आणि टप्पा 6 मधला होल्डचा तपशील जोडतात. न्यायालय पोलिसांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. पोलिसांनी ‘हरकत नाही’ असं लिहून दिलं की काम बरंच सोपं होतं, म्हणून अर्ज करण्याआधीच तपास अधिकाऱ्याशी बोलून ठेवा. बहुतेक वेळा बाँड लिहून द्यावा लागतो. आदेश झाला की त्याची प्रमाणित प्रत पोलिसांमार्फत त्या बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे जाते.

रक्कम लहान असेल तर न्यायालयाच्या आदेशाशिवाय परतफेड होऊ शकते का, हेही अधिकाऱ्याला विचारा. होल्ड कायमचा नसतो, हे मात्र ध्यानात ठेवा. महिनोन्‌महिने कुणी आदेश आणला नाही तर समोरचा खातेदार होल्ड उठवण्यासाठी स्वतः न्यायालयात जाऊ शकतो, आणि त्या दिवशी तुमच्या बाजूनं काही कागद नसेल तर पैसे सुटतात.

सावधान: याच काळात ‘तुमची रक्कम रिलीज झाली आहे, प्रोसेसिंग फी भरा’ असे फोन येतात. पोचपावतीचा क्रमांक सांगितला म्हणजे समोरचा पोलीसच आहे असं नाही. तो क्रमांक आपणच मदत मागताना फेसबुक गटांत, टेलिग्रामवर टाकलेला असतो. होल्डची रक्कम सोडवायला पोलीस, बँक किंवा न्यायालय फोनवर फी, ओटीपी किंवा स्क्रीन शेअर मागत नाही. पोचपावती कुठेही टाकायची वेळ आली तर क्रमांक झाका.

## टप्पा 8: काहीच हलत नसेल तर

क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीचा पुरावा मागते.

आधी ठाण्यात लेखी अर्ज द्या: पोचपावती क्रमांक, तारखा, गेलेली रक्कम, आणि गुन्हा दाखल करण्याची विनंती. आवक शिक्का घ्या. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते, हे अर्जातच लिहा. यालाच शून्य क्रमांकाचा गुन्हा म्हणतात.

तरीही नोंद झाली नाही तर कलम 173(4) प्रमाणे अर्ज पोलीस अधीक्षकांना पाठवा. आयुक्तालयाच्या शहरात तो पोलीस उपायुक्तांकडे जातो. रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा आणि पावती ठेवा. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे कलम 175(3) खाली प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो, आणि तिथे पहिला प्रश्न हाच असतो की अधीक्षकांना पाठवलेल्या अर्जाची पोच कुठे आहे.

बँकेनं दाद दिली नाही तर तो मार्ग वेगळा. लेखी तक्रारीला 30 दिवस झाले, उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. त्यात पोलिसांनी काय केलं नाही याची कहाणी लिहू नका. बँकेला कोणत्या तारखेला, किती वाजता कळवलं आणि त्यानंतर किती पैसे गेले, एवढंच क्रमानं मांडा.